‘हे कसं काढलंस?’ : एका कृतज्ञतापत्राचं संपादन

आज आम्ही टीकेसाठी पुस्तक घेतलेलं नाही, एक पत्र घेतलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंनी आपल्या निवृत्त केंद्रप्रमुखांना लिहिलेलं. त्याचे तिन्ही खर्डे त्यांच्या परवानगीने आमच्यापुढे आहेत. नावं गाळली आहेत.

पहिला खर्डा असा : ‘आदरणीय सर, आपण आम्हाला घडवलंत. आपल्या मार्गदर्शनामुळेच मी आज इथवर पोहोचले. आपले ऋण शब्दांत मांडता येणार नाहीत.’ आता सरांच्या जागी गाण्याचे गुरुजी ठेवून बघा, किंवा कबड्डीचे प्रशिक्षक. एक अक्षरही बदलावं लागत नाही. जे वाक्य कुणालाही पाठवता येतं, ते या सरांना मिळतच नाही.

दुसऱ्या खर्ड्यात आठवणी आल्या. पावसात सरांनी मोटारसायकलवरून एसटी स्टँडपर्यंत सोडलं. आपल्या डब्यातली भाकरी दिली. आणि ‘एकदा वर्गात येऊन वजाबाकी छान समजावलीत.’ पहिल्या दोन आठवणी गोड आहेत, पण त्यांतून सर भले होते एवढंच कळतं. बाईंमध्ये काय बदललं, ते कळत नाही. तिसरीत ते दडलेलं होतं. म्हणून आम्ही एवढंच विचारलं : सर वर्गात उठून बोलले, त्याच्या मिनिटभर आधी तुम्ही काय करत होता?

बाई जरा थांबल्या. मग हा मजकूर आला :

‘सर, तिसरीचा वर्ग होता. फळ्यावर ५२ वजा २७ होतं. एका मुलाने पाटीवर ३५ लिहिलं. मी फुली मारली, हातचा विसरलास म्हणाले आणि त्याला उभं केलं. तुम्ही मागच्या बाकावरून उठलात, त्याला खाली बसवलंत, शेजारी मांडी घातलीत आणि विचारलंत, हे कसं काढलंस? तो म्हणाला, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. तुम्ही त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्यात आणि म्हणालात, यातून मला सात दे. त्याने थोडा वेळ बघितलं आणि एका गठ्ठ्याची दोरी सोडली. मला तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेव्हापासून चूक दिसली की मी आधी कसं काढलंस विचारते. लाल पेन नंतर उघडते.’

यात नेमकं काय घडलंय ते बघू या. ३५ हे उत्तर निष्काळजीपणाचं नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा त्या मुलाचा नियम होता आणि तो त्याने नीट पाळला होता. तो हातचा विसरला नव्हता. दशक सोडता येतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे चूक ओळखण्यात बाईंचीच चूक झाली होती, आणि सरांनी ती दुरुस्त केली ती बाईंना न सुनावता.

‘फुली मारली, उभं केलं’ हे वाक्य बाईंनी दोनदा खोडलं होतं. स्वाभाविक आहे, कमीपणा वाटतो. पण ते काढलं की सर नुसते वजाबाकी शिकवणारे उरतात. आपण आधी कसे होतो हे कबूल केल्याशिवाय दुसऱ्याने काय बदललं ते दाखवता येत नाही. कृतज्ञतापत्राची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

इथे कुणी आल्बेर काम्यूचं पत्र आठवेल. १९५७ साली नोबेल जाहीर झाल्यावर त्याने १९ नोव्हेंबरला आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ यांना लिहिलं. छोटंसं पत्र, त्यात असा प्रसंग रंगवलेला नाही, तरी ते भिडतं. कारण गरीब घरातल्या त्या मुलाचं पुढे काय झालं, हे नोबेलनेच सांगितलेलं होतं. आपल्या बाईंकडे नोबेल नाही, लाल पेन आहे. ते त्यांना पत्रात दाखवावंच लागतं.

तिसऱ्या खर्ड्यातही आम्हाला एक खोट दिसली. शेवटी होतं, ‘तुम्ही नसता तर मी शिक्षिका म्हणून संपलेच असते.’ पत्रातला पुरावा एका सवयीचा आहे, सगळ्या आयुष्याचा नाही. ते वाक्य काढलं. आणि संवादांना अवतरणचिन्हं दिली नाहीत, कारण बाईंना अर्थ पक्का आठवत होता, शब्द नाहीत. मोटारसायकल मात्र ताज्या कलमात एका ओळीत राहिली. आभार मानायला तेवढं पुरे.

पत्र गेलं. सरांना ना तो दिवस आठवत होता, ना तो मुलगा, असं बाईंनी नंतर कळवलं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. सरांच्या लेखी ते रोजचंच काम होतं. आपण उठून गेल्यावर त्या वर्गात पुढे काय झालं, हे त्यांना कळायला दुसरा मार्गच नव्हता.