शेषाच्या डोक्यावरचं वाक्य

दर १ ऑगस्टला सातारा-सांगलीकडच्या फोनांवर एक वाक्य हमखास येऊन पडतं. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नाही, ती दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, अशा अर्थाचं. अण्णा भाऊ साठे १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करायला उभे राहिले, तेव्हाच्या भाषणातलं. वाक्य इतकं भक्कम आहे की ते बिघडवायला कष्ट पडतात. आपल्याकडे ते कष्ट मन लावून घेतले जातात.

यंदा आलेल्या स्लाइड्सपैकी एक मी बाजूला काढून ठेवली. कुठल्याशा महाविद्यालयाच्या जयंतीच्या कार्यक्रमात ती पडद्यावर दाखवली होती, मग कुणीतरी तिचं चित्र करून ग्रुपवर सोडलं. नाव सांगत नाही, कारण अशा शंभर असतात. डावीकडे अण्णा भाऊंचा फोटो, मागे लालपासून निळ्यापर्यंत वितळत जाणारा रंग, कोपऱ्यात डफ, दुसऱ्या कोपऱ्यात वळलेली मूठ, वर ‘साहित्यरत्न लोकशाहीर’ सोनेरी अक्षरांत, खाली संयोजकांची नावं. वाक्य मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, जागा उरली तसं. ही रचना कुठून आली हे ओळखायला वेळ लागत नाही. ती चौकातल्या फ्लेक्सची आहे. फ्लेक्सवर मजकूर नावापुरता असतो, खरी जागा शुभेच्छुकांची. तोच सांगाडा उचलून स्लाइडवर ठेवला की बोलणारा माणूसही शुभेच्छुकांच्या रांगेत जाऊन बसतो.

पण सजावट हा या स्लाइडचा लहान गुन्हा. मोठा गुन्हा ओळी तोडण्यात आहे.

हे वाक्य ‘नसून’ या शब्दावर वळतं. त्याआधी जुनी समजूत, त्यानंतर अण्णा भाऊंचा दावा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘नसून’ येईपर्यंत वाचणाऱ्याला कळत नाही की आधीचं सगळं खोडलं जाणार आहे. भाषणात हे काम आवाज करतो. स्लाइडवर ते ओळीच्या टोकाला करावं लागतं. माझ्यासमोरच्या स्लाइडवर पहिल्या दोन ओळी ठळक केल्या होत्या, म्हणजे पृथ्वी आणि शेषाचं मस्तक. ‘नसून’ तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, बारीक. तळहात सगळ्यात खाली, त्याहून बारीक. लांबून पाहणाऱ्याला पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे एवढंच वाचता येतं. ज्या कल्पनेला अण्णा भाऊंनी नकार दिला तीच त्यांच्या फोटोशेजारी मोठ्या अक्षरांत, त्यांच्या नावाने.

दुरुस्ती सोपी आहे. ‘नसून’ हा शब्द ओळीच्या शेवटी आणायचा, म्हणजे पहिला भाग तिथे मिटतो. पुढची ओळ दलितांपासून सुरू करायची आणि ‘तळहातावर’ हा शब्द त्याच्या सोबत्यांपासून तोडायचा नाही. ओळी लहान-मोठ्या होतील, होऊ द्याव्यात. दोन्ही कडा सरळ करण्यासाठी शब्दांमध्ये भोकं पाडलेलं अवतरण फार केविलवाणं दिसतं. ठळक काही करायचंच असेल तर दुसरा भाग. मी तेही करणार नाही. मोठ्या अक्षरात एकटं उभं असलेलं वाक्य आधीच ठळक असतं.

आता अक्षर. पॉवरपॉइंटचा नेहमीचा साचा ओळींमधलं अंतर ९० टक्क्यांवर ठेवतो. इंग्रजीला ते चालतं. मराठीत ‘पृथ्वी’चा ऋकार खाली लोंबतो आणि ‘दलितांच्या’चा अनुस्वार वर बसतो. या दोन ओळी एकाखाली एक आल्या की ते एकमेकांत अडकतात आणि डोळ्याला एखादी भलतीच मात्रा दिसू लागते. अंतर दीडपटीच्या आसपास नेलं की शिरोरेषा सुट्या होतात आणि वाक्य श्वास घेतं. मागे फिकट रंगात ठेवलेलं ते भलंमोठं अवतरणचिन्हही याच कारणासाठी नको. देवनागरीत वरच्या जागेत आधीच मात्रा, वेलांट्या, रफार यांची गर्दी असते. त्यात ते चिन्ह आणखी एक वेलांटी होऊन बसतं. हवंच असेल तर लहान, पहिल्या ओळीच्या डावीकडे, अक्षरांच्या बाहेर.

आणि ‘शेष’मधला श, ‘दलित’मधला ल. आपल्या शाळेत शिकवलेले श आणि ल हिंदीत रुळलेल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत. २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणच प्रमाण ठरवलं. तरी बहुतेक फॉन्ट फोनवर हिंदी वळण दाखवतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मराठी वळण लक्षात ठेवूनच केलेला आहे, फुकट मिळतो, आणि त्याच्या जाड-बारीक रेघा मोठ्या आकारात छान उठतात. वाटेगावच्या माणसाचं वाक्य वाटेगावच्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात दिसावं, एवढी हौस मला परवडते.

आकाराचा हिशेब मात्र हौसेचा नाही. रुंद स्लाइड सुमारे ३४ सेंटिमीटर असते. उभ्या धरलेल्या फोनवर ती साडेसहा-सात सेंटिमीटरची होते, म्हणजे सगळं पाचपट आकसतं. ६० पॉइंटचं वाक्य १२ पॉइंटचं उरतं, आरामात वाचता येतं. पण तळाशी १८ पॉइंटमध्ये लिहिलेला संदर्भ साडेतीन पॉइंटचा होतो. वर्तमानपत्राचा मजकूर ९-१० पॉइंटचा असतो, त्यावरून अंदाज करा. सभागृहातली स्लाइड ग्रुपवर जाणारच असेल तर संदर्भ ३२ पॉइंटच्या खाली नेऊ नये, किंवा फोनसाठी चौकोनी प्रत वेगळी करावी. तपासायला काही लागत नाही. फोन हातभर लांब धरून, न ओढता, वर्ष वाचता येतं का ते बघायचं.

या स्लाइडवर वर्ष नव्हतंच. फक्त ‘– अण्णा भाऊ साठे’. नुसतं नाव म्हणजे श्रेय दिलं असं आपण मानतो, आणि मग वपुंच्या नावावर कुणाचीही वाक्यं खपतात. पूर्ण संदर्भ एका ओळीत मावतो: अण्णा भाऊ साठे, पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटनाचं भाषण, मुंबई, १९५८. त्या ओळीने अर्थ बदलतो. हे वाक्य सुविचार राहत नाही, एका सभेत कुणालातरी दिलेलं उत्तर होतं. शिवाय पडताळायला दोरा मिळतो. तो हवाच, कारण या वाक्याची रूपं फिरता फिरता बदलली आहेत. कुठे फक्त श्रमिक उरतात, कुठे कामगार, आणि ‘दलित’ हा शब्द गळालेल्या स्लाइड्सही मी पाहिल्या आहेत. दलित साहित्य संमेलनात बोललेल्या वाक्यातून नेमका तोच शब्द गळतो, तेव्हा त्याला टंकलेखनाची चूक म्हणवत नाही. खाली संमेलनाचं नाव लिहिलेलं असतं तर तो गाळणं जरा अवघड गेलं असतं.

काही जण संदर्भात ‘जि. सांगली’ही घालतात. जन्मगावाचा तिथे संबंध नाही, पण गंमत म्हणून सांगतो. १९२० साली अण्णा भाऊ जन्मले तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे भाषण झालं तेव्हा वाटेगाव दक्षिण साताऱ्यात होतं. जयंतीला दोन्हीकडचे लोक आपापला जिल्हा लिहितात आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

ती स्लाइड मी परत मांडून बघितली. पांढरट पार्श्वभूमी, काळं अक्षर, डावीकडून सुरू होणाऱ्या चार ओळी, ‘नसून’ दुसरीच्या शेवटी. खाली बोटभर जागा सोडून संदर्भ, आणि त्या दोघांमध्ये एक बारीक लाल रेघ. फोटो काढला, डफ काढला, मूठ काढली. ग्रुपवर टाकली तर पहिला प्रश्न आला, ‘दादा, संयोजकांची नावं कुठायत?’