तिसरं प्रकरण: ‘काय केलं’ आणि ‘हेच का केलं’

प्रबंधातलं तिसरं प्रकरण, म्हणजे ‘संशोधन पद्धती’, हे बहुतेक परीक्षक चाळून पुढे जातात. आज आपण तिथंच थांबू. उदाहरणासाठी एक प्रकरण घेऊ. ते कोणा एकाचं नाही. आम्ही वाचलेल्या अनेक प्रबंधांत जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते एकत्र करून मांडलं आहे.

विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. संशोधकाचा प्रश्न चांगला आहे: तोडणीला जाताना आईवडील कोणतं मूल सोबत नेतात, कोणतं गावी ठेवतात आणि का? आता तिसरं प्रकरण उघडू. आधी चार पानं संशोधनाच्या व्याख्या. मग सांगितलं आहे की वर्णनात्मक पद्धत वापरली, ३८४ कुटुंबांचा सोयीस्कर नमुना घेतला, डिसेंबर-जानेवारीत गावोगाव जाऊन प्रश्नावली भरून घेतली आणि टक्केवारी काढली. कृती सगळी आली, पण एकाही कृतीचं कारण आलं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ‘ऊसतोड कामगार’ पुसून तिथं ‘बँकेचे ग्राहक’ लिहा. प्रकरण जसंच्या तसं उभं राहतं. याचा अर्थ ते या प्रश्नासाठी लिहिलेलंच नाही.

आधी ३८४ हा आकडा बघू. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो. हिशोब असा: १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर येतं साधारण ३८४. लोकसंख्या मोठी असेल आणि पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी एवढी माणसं लागतात. पण त्यामागे एक अट आहे. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी. आपल्या संशोधकानं जे भेटले त्यांना घेतलं. मग तक्ता लागूच होत नाही. ३८४ ऐवजी ३८०० घेतले असते, तरी निवडीतला कल दुरुस्त झाला नसता. आकडा अचूक दिसतो, म्हणून कुणी विचारत नाही, एवढंच.

याहून मोठी चूक महिन्याची आहे. तोडणीचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. डिसेंबरमध्ये टोळ्या कारखान्यांच्या भागात कोप्या टाकून राहिलेल्या असतात. त्या वेळी गावात कोण भेटणार? म्हातारी माणसं, मागे ठेवलेली मुलं आणि त्या वर्षी न गेलेली कुटुंबं. ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला, तीच माणसं नमुन्यातून गळली! आणि ती योगायोगानं गळली नाहीत. स्थलांतर केलं म्हणूनच गळली. ‘बहुसंख्य मुलं नियमित शाळेत जातात’ असा निष्कर्ष निघाला, तर तो मुलांबद्दल कमी आणि कॅलेंडरबद्दल जास्त सांगतो.

मग काय, थेट फडावर जायचं? तिथं माणसं भेटतात, पण टोळीपर्यंत वाट बहुधा मुकादमामार्फत जाते. त्याच्याकडून उचल घेतलेलं जोडपं त्याच्यासमोर उचलीबद्दल मोकळं बोलेल का? आणि मूल मागे ठेवण्याच्या निर्णयात उचल किती, कोयता म्हणून नवराबायको दोघंही जाणार का, याला वजन असतं.

समर्थन म्हणजे नेमकं हे: समोरचे रस्ते मांडायचे, प्रत्येक रस्त्यानं काय हरवतं ते सांगायचं, मग एक निवडायचा. आम्ही हा परिच्छेद असा लिहिला असता: ‘निर्णय निघण्यापूर्वी होतो, म्हणून आईवडिलांच्या मुलाखती सप्टेंबरमध्ये, गावात, त्यांच्या घरी घेतल्या. आईशी शक्य तिथं वेगळं बोललो. कारण शोधायचं असल्यानं थोडी कुटुंबं घेतली, पण ज्यांनी मुलं नेली, ज्यांनी ठेवली आणि ज्यांनी काही नेली, काही ठेवली, अशी तिन्ही प्रकारची घेतली. बोललेलं प्रत्यक्षात उतरलं का, हे पाहण्यासाठी जानेवारीत शाळेचं हजेरीपत्रक पाहिलं. जिल्ह्यात अशी मुलं किती, हे या पद्धतीनं सांगता येणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य बघा. मार्गदर्शक कधी कधी ते काढायला लावतात, कमीपणा वाटतो म्हणून. आमच्या मते ते राहिलंच पाहिजे. कारण ‘किती’ सोडून ‘का’ निवडलं, हे तिथं स्पष्ट होतं. हजेरीपत्रकालाही मर्यादा आहे. पटावर नाव आणि वर्गात मूल, या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत. म्हणून एखाद्या दिवशी न सांगता शाळेत जाऊन डोकी मोजावी लागतात. हेही प्रकरणात लिहायचं, कारणासकट.

व्हायवात ‘३८४ च का?’ असं विचारलं, की ‘तक्त्यात आहे’ हे उत्तर ऐकू येतं. ‘सप्टेंबरच का?’ याला मात्र तक्त्यातून उत्तर देता येत नाही. त्यासाठी बीडमधलं घर माहीत असावं लागतं. थांबतो. आता प्रश्न घेऊ.