हिरड्यांची सरासरी काय लपवते?

दंत-सर्वेक्षणाच्या अहवालात बहुधा शेवटी एकच आकडा असतो: ‘हिरड्यांचा निर्देशांक १.०, दाह सौम्य’. आकडा चुकीचा नसतो. पण आरोग्य-नियोजनासाठी तो पुरेसा असतो का, हे आपण तपासून पाहू.

हा निर्देशांक लोए आणि सिलनेस यांनी १९६३ साली मांडला. दातांवरच्या चिकट थराचा, म्हणजे प्लाकचा, निर्देशांक १९६४ साली आला. दोन्हींत ठरावीक सहा दात घेतात. प्रत्येक दाताच्या चार बाजू तपासतात: गालाकडची, जिभेकडची आणि शेजारच्या दातांकडच्या दोन. अशा २४ जागांना ० ते ३ गुण देऊन सरासरी काढतात. हिरडी निरोगी असेल तर ०, किंचित सुजलेली पण रक्त न येणारी असेल तर १, सळईच्या हलक्या स्पर्शाने रक्त आले तर २, आपोआप रक्त येऊ लागले तर ३.

आता दोन काल्पनिक विद्यार्थी घेऊ. पहिल्याच्या २४ही जागांना १ गुण मिळाला. बेरीज २४, सरासरी १.०. दुसऱ्याच्या १२ जागा निरोगी, पण उरलेल्या १२ जागांना २ गुण. बेरीज पुन्हा २४, सरासरी पुन्हा १.०. रूढ वर्गवारीत १.० पर्यंतचा दाह सौम्य मानतात, म्हणून दोघेही ‘सौम्य’ ठरतात. प्रत्यक्षात पहिल्याला कुठेही रक्त येत नाही, तर दुसऱ्याला निम्म्या जागी येते. याचे कारण असे की हे गुण पायऱ्यांचे क्रमांक आहेत, मोजपट्टीवरची समान अंतरे नव्हेत. म्हणून सरासरीशेजारी रक्त येणाऱ्या जागांची टक्केवारी छापलीच पाहिजे.

दोन्ही निर्देशांक एकत्र वाचले तर आणखी एक गोष्ट कळते. प्लाकचे गुण मुख्यतः गेल्या काही तासांतल्या स्वच्छतेवर ठरतात. हिरडी मात्र सावकाश बदलते. लोए आणि सहकाऱ्यांच्या १९६५ च्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत त्यांच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा घासू लागल्यावर सुमारे आठवड्याभरात तो ओसरला. म्हणून एखाद्या शाळेत प्लाक कमी आणि हिरड्यांचे गुण जास्त आढळले, तर मुले तपासणीच्या दिवशी खास दात घासून आली असावीत अशी शंका घ्यावी. तेथे फक्त प्लाक पाहून ‘स्वच्छता चांगली’ म्हणणे फसवे ठरेल.

शिवाय, हिरडीखालचे हाड किती झिजले हे यांतला एकही निर्देशांक सांगत नाही. त्यामुळे दात घासण्याचे शिक्षण कोठे द्यावे आणि वर्षभराने त्याचा उपयोग झाला का, हे या गुणांवरून ठरवता येईल. प्रौढांसाठी किती शल्यचिकित्सक लागतील, हे नाही. त्यासाठी हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजावी लागते, आणि ते सर्वेक्षण वेगळे.