अधारतालहून लिलाँग्वेला

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरलेलं 'जेएस ३३५' हे सोयाबीनचं वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं. हे विद्यापीठ अधारतालला आहे, आणि तिथेच औद्योगिक वसाहतही आहे. तिथल्या एका छोट्या मराठी कारखानदाराने मलावीतल्या लिलाँग्वेच्या एका शेती-अवजारांच्या वितरकाला पाठवलेली ईमेल माझ्या वाचनात आली. दोघांची ओळखपाळख काही नव्हती. मूळ मजकूर इंग्रजीत, जेमतेम पंधरा ओळींचा. व्यापारी पत्रांत इतकं नेटकं लेखन मी क्वचितच पाहिलं आहे.

माल आहे स्पायरल ग्रेडर. उभ्या दांड्याभोवती पत्र्याच्या सर्पिल घसरगुंड्या असतात आणि वर चाडं असतं. गोल दाणा उतरताना वेग घेतो, आतल्या पट्टीची कड ओलांडून बाहेरच्या रुंद पट्टीत पडतो. डाळ झालेला, चपटा किंवा सुरकुतलेला दाणा रेंगाळत दांड्यालगत राहतो. खाली दोन वेगळ्या तोंडांतून दोन ढीग पडतात. मोटर नाही, वीज नाही.

विषयाच्या ओळीतच तो हे सांगून टाकतो: 'विजेशिवाय सोयाबीन बियाणं निवडणारं यंत्र, एप्रिलच्या काढणीसाठी'. पत्र ऑक्टोबरमधलं आहे. मलावीत सोयाबीन पावसाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात आणि साधारण एप्रिलमध्ये काढतात. म्हणजे समोरच्याच्या शेतात अजून पेरणीही झालेली नसताना याने त्याच्या खळ्याचा विचार केला आहे. यंत्र बनायला, बंदरावर जायला आणि समुद्र ओलांडायला लागणारे महिने त्या एका 'एप्रिल'मध्ये हिशेबात धरलेले आहेत. 'आम्ही अग्रगण्य उत्पादक व निर्यातदार आहोत' ही ठरीव सुरुवात इथे नाहीच. कारखान्याची ओळख चौथ्या ओळीत येते, तीही एका वाक्यात.

मला सगळ्यात आवडतो तो मधला भाग. तिथे यंत्राला काय जमत नाही ते लिहिलं आहे. दाण्याएवढा गोल खडा ते वेगळा काढत नाही, दाणा ओलसर असला तर नीट घरंगळत नाही, आणि यंत्र ओळंब्यात उभं केलं नाही तर चांगले दाणेही आत राहतात. हे वाचून वितरक बिचकेल असं वाटेल, पण वितरकाची खरी धास्ती हीच असते की माल खपवल्यावर गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात येईल. त्या तक्रारी इथे आधीच, उपायासकट सांगितल्या आहेत: आधी खडे वेचा, दाणा वाळवा, ओळंबा लावा.

मग किंमत. ती 'एफओबी न्हावा शेवा' अशी दिली आहे. पुष्कळ नवखे निर्यातदार 'एफओबी जबलपूर' लिहून बसतात. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि जबलपूरला समुद्र नाही. बंदराचं नाव आलं की वितरकाला पुढचा खर्च मांडता येतो: जहाजाने मोझांबिकमधल्या बैराला, तिथून ट्रकने लिलाँग्वेला. त्याचाही देश समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे ही ओळ त्याला नेमकी कळते.

किमतीखालची ओळ सहज नजरेतून सुटेल अशी आहे: 'सुटं करून एका पेटीत, ६० × ६० × १८० सेंटिमीटर. पहिल्या खेपेला तीन घ्यावीत असं सुचवतो.' तीनच का? यंत्र वजनाला हलकं पण जागा खाणारं. दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरात पाठवताना एक घनमीटर की एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं, आणि किमान एका घनमीटराचं तर बहुधा द्यावंच लागतं. एक पेटी ०.६४८ घनमीटरची, म्हणजे एकच मागवली तर रिकाम्या जागेचेही पैसे. तीन पेट्या १.९४४ घनमीटरच्या, दोनच्या किंचित आत. पत्रात हे गणित मांडलेलं नाही, पण समोरचा ते करून बघेल आणि आपल्या खिशाचा विचार झाला आहे हे त्याला उमगेल.

शेवटी मागणं. 'ऑर्डर द्या' नाही, 'भेटीची वेळ द्या' नाही. 'तुमच्याकडच्या सोयाबीनची एक मूठ कागदावर पसरून, शेजारी नाणं ठेवून फोटो पाठवाल का?' एवढंच. दाण्याचा आकार आणि फुटीचं प्रमाण त्यावरून कळतं, आणि आपलं यंत्र त्या दाण्याला चालेल की नाही याचा अंदाज येतो. वितरकाला हे दुकानात उभ्या उभ्या, मोबाइलवरून करता येतं. अनोळखी माणसाकडून पहिलं उत्तर मिळवण्यासाठी याहून हलकं ओझं मला सुचत नाही.

एक जागा मात्र खटकते. सहीच्या वर त्याने जोडलं आहे, 'दर थोडा कमीजास्त करता येईल.' कोणी मागितलेलं नसताना ही सूट कशाला? वर पेटीच्या मापापर्यंत चोख असलेला माणूस इथे अचानक अजिजीवर येतो, आणि आधीचा एफओबीचा आकडा सैल वाटू लागतो. त्याआधीच्या वाक्यात, मलावीत विक्रीचा हक्क या एकाच वितरकाला देण्याबद्दल त्याने जे लिहिलं आहे, 'दोन हंगामांची विक्री पाहून बोलू', त्यात तो किती ताठ उभा आहे! सही त्याच वाक्याखाली यायला हवी होती.