रोयण, मूर्ती आणि रिता कोनाडा

डिचोलीच्या टेकडीवर जुनी नमाजगाह आहे. औरंगजेबाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला त्याचा पुत्र अकबर याने सतराव्या शतकात ती बांधली, असे सांगतात. वर उघडे आकाश, समोर पश्चिमेची भिंत आणि त्या भिंतीत एक रिता कोनाडा. आपल्याच मुलखातील सातेरीच्या गाभाऱ्यात पाहावे, तर तेथे रोयण, म्हणजे वारूळ. त्यालाही कोणा शिल्पकाराची छिन्नी लागलेली नाही. मग मूर्ती न मानणारे आणि आपण, यांच्यात भेद तो कोणता?

आमच्या मते भेद आकाराचा नाही, सान्निध्याचा आहे. रिता कोनाडा केवळ मक्केची दिशा दाखवतो. ईश्वर त्यात वसतो असे कोणी मानीत नाही. रोयण दिशा दाखवीत नाही. देवी तेथेच आहे, म्हणून तिला लुगडे नेसवतात आणि नैवेद्य दाखवतात. मोशेच्या दहा आज्ञांतील मूर्तिनिषेध असो वा इस्लामचा, त्यामागील विचार एकच: ज्याने सर्व निर्माण केले, त्याला निर्मिलेल्या वस्तूच्या जागी आणून बसवू नये.

या आक्षेपास आपल्यांतील सुशिक्षित बहुधा असे उत्तर देतात की, मूर्ती हे चित्त एकाग्र करण्याचे प्रतीक मात्र आहे. हे उत्तर आम्हांस लटके वाटते. प्रतीकाला कोणी पहाटे जागवीत नाही, न्हाऊ घालीत नाही. आपला विधी याहून अधिक काही सांगतो. पाथरवटाने घडविलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत शिळाच असते. चतुर्थीच्या मातीच्या गणपतीत आवाहनाने देव येतो आणि उत्तरपूजेनंतर तीच माती पाण्यात सोडताना कोणास पातक वाटत नाही. म्हणजे घडविलेली वस्तू देव नव्हे, हे मूर्तिपूजकही जाणतो. तो एवढेच म्हणतो की, बोलावले असता देव येतो.

कायद्यानेही हे सान्निध्य ओळखले आहे. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीस विधिमान्य व्यक्ती मानले आणि तिच्या स्थलांतराच्या वादात तिचे हित व इच्छा मांडण्यास स्वतंत्र प्रतिनिधी असावा, असे ठरविले. केवळ प्रतीकाला इच्छा कोठून असणार?

रोयणीला तर आवाहनाचीही गरज नाही, ती स्वयंभू. अनेक देवळांत कालांतराने तिच्याजवळ महिषासुरमर्दिनीची मूर्ती आली, तरी रोयण गेली नाही. आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोणी ती माती अडगळ मानून फरशीखाली घालू पाहील, तर त्याने आधी एवढे ध्यानी घ्यावे: मूर्ती पुन्हा घडविता येते, रोयण घडविता येत नाही. मानवी हाताने घडविलेल्यास ईश्वर म्हणू नये, हा मूर्तिनिषेधकांचा आग्रह आमच्या देवळांत कोणी पाळला असेल, तर तो या मुक्या मातीने.