मारुती कुठवर बुडाला?
स्वयंचलित चित्रवर्णनाची एक तपासणी

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतात. आधीचा प्रश्न ठरलेला असतो : दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे गावाची पूरपट्टीच. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, यावरून सराफ बाजारातला आणि भांडी बाजारातला माणूस माल हलवायचा की थांबायचं ते ठरवतो. त्यामुळे पावसाळ्यात या मूर्तीचा ताजा फोटो फोनाफोनी फिरत राहतो.

माझे एक स्नेही पंचवटीत नदीकाठी छोटं दुकान चालवतात. चाळिशीनंतर त्यांची दृष्टी गेली. फोन ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर वापरतात. एका पावसाळी संध्याकाळी असाच फोटो त्यांच्या फोनवर आला आणि फोनने वाचून दाखवलं की चित्रात मूर्ती, पाणी आणि बाहेरचं दृश्य असू शकतं. त्यांनी मला फोन केला. "अहो, मूर्ती आहे हे मला का माहीत नाही? मारुती कुठवर बुडालाय ते सांगा की!"

यंत्राने सांगितलेल्यात चूक एकही नव्हती. उपयोगही काही नव्हता. हा लेख या दोहोंमधल्या अंतराविषयी आहे.

चित्राला जोडलेल्या आणि डोळ्यांऐवजी कानांनी वाचायच्या मजकुराला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो पडद्यावर सहसा दिसत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला त्याची आठवण राहत नाही. कोल ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ट्विटरवरच्या दहा लाखांहून अधिक चित्रांच्या ट्वीट तपासल्या, तेव्हा फक्त ०.१ टक्का चित्रांना असा मजकूर होता. लिहिण्याची सोय तिथे २०१६ पासून होती, पण ती ज्याची त्याने चालू करायची होती. माणसं लिहीत नाहीत, तर यंत्राकडून लिहून घ्यावं हा विचार मग ओघानेच आला. फेसबुकने २०१६ मध्ये चित्रातल्या सुमारे शंभर गोष्टी ओळखून त्यांची यादी वाचून दाखवायला सुरुवात केली. २०२१ पर्यंत ती संख्या बाराशेच्या वर गेली. आताची यंत्रं यादीवर थांबत नाहीत, सबंध वाक्यं रचतात.

वाक्य आल्याने एक नवा धोका आला. हेली मॅक्लाउड, सिंथिया बेनेट, मेरेडिथ मॉरिस आणि एडवर्ड कट्रेल यांनी २०१७ मध्ये अंध वापरकर्त्यांबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं, की यंत्राचं वर्णन पोस्टच्या मजकुराशी जुळत नसलं तरी लोक त्यावर विश्वास ठेवतात आणि दोहोंमधली विसंगती मिटवायला मनाने तपशील भरतात. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्याकडे पडताळणीचं साधन नसतं, तेव्हा यात त्याचा दोष नाही. मात्र यातून एक गोष्ट निघते : ऐकणाऱ्याने तक्रार केली नाही, याचा अर्थ वर्णन बरोबर होतं असा होत नाही.

आता आगाऊ वेळ लावून ठेवलेल्या पोस्टकडे येऊ. कार्यालयं, संस्था, मंडळं आठवड्याची चित्रं एका बैठकीत तयार करतात, वेळ लावतात, आणि ती आपोआप प्रसिद्ध होतात. अलीकडे या साखळीत यंत्राकडून ऑल्ट टेक्स्ट लिहून घेण्याची कडी जोडली जाते आणि 'सर्व चित्रांना वर्णन आहे' असा हिरवा शेरा मिळतो. माझा आक्षेप शेऱ्यावर आहे, त्याहून अधिक कडीच्या जागेवर आहे. यंत्र चित्र तयार झाल्यावर त्यातून मजकूर शोधायला बसतं. पण आपल्याकडच्या बहुसंख्य सूचना-चित्रांत मजकूर आधी असतो आणि चित्र नंतर बनतं. हातातलं टाकून पुन्हा शोधायला जाण्यासारखं हे आहे.

नमुन्यादाखल एक सूचना घेऊ. आकडे मी मनाचे घातले आहेत, घडण मात्र रोजची आहे : 'गंगापूर धरणातून सायंकाळी ४ वाजता गोदावरीतील विसर्ग २,००० क्युसेकवरून ४,००० क्युसेक करण्यात येईल. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' ही दोन वाक्यं निळ्या पार्श्वभूमीवर, धरणाच्या फोटोवर, ठळक अक्षरांत चढवली जातात. चित्र पाहणारं यंत्र 'धरणातून पाणी सोडले जात आहे, वर मराठी मजकूर आहे' असं सांगून मोकळं होऊ शकतं. अक्षरं ओळखणारं यंत्र लावलं तर शोभिवंत वळणात १ आणि ९ ची गल्लत होऊ शकते. डिझायनरच्या मूळ फाइलमधून मजकूर उचलावा म्हटलं, तर आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरात आहेत. त्यातला मजकूर दिसायला मराठी असतो, पण उचलून दुसरीकडे ठेवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाचोळा होतो. स्क्रीन रीडर तो पाचोळा इमानेइतबारे वाचतो.

म्हणून क्रम उलटा करायला हवा. सूचना आधी तक्त्याच्या एका ओळीत लिहावी : धरण, तारीख, वेळ, आधीचा विसर्ग, नवा विसर्ग, काय करावे. त्याच ओळीतून चित्रावरचा मजकूर निघावा आणि त्याच ओळीतून ऑल्ट टेक्स्ट. 'आज' आणि 'उद्या' हे शब्द दोन्हीकडे टाळावेत, कारण पोस्ट लिहिली जाते एका दिवशी आणि प्रसिद्ध होते दुसऱ्या दिवशी. पुढे हा मजकूर चित्राबरोबर धाडायची सोय अनेक माध्यमांच्या यंत्रणेत आहे. मॅस्टोडॉनवर चित्र चढवताना तो `description` या रकान्यात जातो आणि प्रसिद्धीची वेळ पोस्टच्या `scheduled_at` मध्ये. फेसबुक पानावरच्या फोटोसाठी `alt_text_custom` आहे.

तक्ता नसेल आणि ऑल्ट टेक्स्ट माणसाने किंवा यंत्राने मूळ सूचनेवरून लिहिला असेल, तर निदान आकडे तरी ताडून पाहता येतात. त्यासाठी मी वापरतो तो तुकडा एवढाच आहे :

```python
import re

ANK = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def sankhya(s):
    s = s.translate(ANK).replace(",", "")
    return set(re.findall(r"\d+(?:\.\d+)?", s))

def farak(suchana, alt):
    return sankhya(suchana) ^ sankhya(alt)
```

दोन्ही मजकुरांतले देवनागरी आणि इंग्रजी आकडे एका रूपात आणून, जो आकडा एकाच बाजूला आहे तो हा तुकडा दाखवतो. सूचनेतला आकडा गळला तरी कळतं आणि यंत्राने पदरचा घातला तरी कळतं. फरक निघाला की पोस्ट माणसाकडे परत यावी.

पण याची मर्यादाही याच नमुन्यात दिसते. ऑल्ट टेक्स्टमध्ये 'विसर्ग ४,००० वरून २,००० क्युसेक' असं उलटं पडलं, तर आकडे तेच असल्यामुळे तुकडा गप्प बसतो. नदी चढते आहे, आणि ऐकणाऱ्याला मात्र ती उतरते आहे असं कळतं. अक्षरांची संख्या मोजून, वाक्य पूर्ण आहे का ते पाहून, किंवा दुसऱ्या यंत्राकडून गुण देऊन ही चूक पकडली जाईलच असं नाही. वाक्य छान असतं, अर्थ उलटा असतो.

आगाऊ पोस्टमध्ये आणखी एक चूक हमखास होते. ऑल्ट टेक्स्ट सोमवारी मंजूर होतो, मंगळवारी कोणी चित्रातली वेळ चारऐवजी सहा करतं आणि त्याच नावाने फाइल जतन करतं. चित्र नवं, वर्णन जुनं. डोळस माणसाला ही चूक कधीच दिसत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त बरोबर अर्धा भाग असतो. उपाय सोपा आहे. वर्णन मंजूर करताना `sha256sum` ने चित्राच्या फाइलचा ठसा काढून वर्णनाशेजारी ठेवावा. प्रसिद्धीच्या क्षणी ठसा पुन्हा काढावा. फाइलमध्ये जरासाही बदल झाला असेल तर ठसा बदलतो. न जुळल्यास सणाच्या शुभेच्छांची पोस्ट खुशाल थांबवावी. पुराची सूचना थांबवता येत नाही. तिथे चित्र गाळून सूचना साध्या मजकुरात प्रसिद्ध करावी. खरं तर पुराच्या सूचनेचा मजकूर पोस्टमध्ये नेहमीच असायला हवा. तो तिथे असला की ऑल्ट टेक्स्टला 'वरील सूचनेचे चित्र' एवढं पुरतं, आणि ऐकणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागत नाही.

उरतो तो उपयोगाचा प्रश्न, आणि त्याची परीक्षा कानानेच होते. चित्र न पाहिलेल्या, शक्यतो रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला पोस्ट एकदा, त्याच्या नेहमीच्या वेगाने ऐकू द्यावी. मग तीन प्रश्न विचारावेत : काय होणार आहे, केव्हा, आणि तुम्ही आता काय कराल? 'सांगता येत नाही' हे उत्तर मोकळेपणी चालेल असं आधी सांगावं, नाहीतर माणूस भिडेखातर अंदाज करतो. प्रत्येक उत्तरामागे विचारावं, की हे कोणत्या शब्दांवरून कळलं? मनाने भरलेला तपशील इथेच उघडा पडतो. तेच प्रश्न चित्र पाहणाऱ्याला विचारावेत. त्याला उत्तर आलं आणि ऐकणाऱ्याला आलं नाही, की वर्णन नापास. ही परीक्षा रोज घ्यायची गरज नाही. ठरावीक साच्याच्या सूचनांसाठी साच्यागणिक एकदा आणि साचा बदलला की पुन्हा, एवढं पुरे. वर दाखवलेली उलटापालट साच्यात सहसा होत नाही, कारण 'वरून' आणि 'पर्यंत' यांच्या जागा एकदाच ठरलेल्या असतात. झालीच तर मूळ ओळीतच होते, आणि मग ती चित्रातही दिसते.

फोटोला मात्र साचा नाही. आमच्या स्नेह्यांवर मी ही परीक्षा घेतली, तेव्हा यंत्राच्या वर्णनावर त्यांनी तिन्ही प्रश्नांना 'सांगता येत नाही' म्हटलं. मी त्याच फोटोसाठी लिहिलं : 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी. फोटो दुपारी ३ वाजताचा, रामकुंडाच्या बाजूने.' यावर ते म्हणाले, "कमरेला तीन वाजता. म्हणजे खालच्या फळीवरचं सामान वर घेतो आणि पाचला पुन्हा विचारतो." फोटोची वेळ मी केवळ सवयीने लिहिली होती. त्यांचा निर्णय तिच्यावरच फिरला.

यंत्राला मूर्ती ओळखता आली. उद्या ते कंबरही ओळखेल, याविषयी मला फारशी शंका नाही. पण कंबर का सांगायची आणि वेळ का सांगायची, हे फोटोत कुठेच नाही. ते गोदाकाठच्या दुकानातल्या खालच्या फळीवर आहे. म्हणून फोटो लावताना माणसाने एक ओळ स्वतः लिहावी, आणि ती लिहिण्याआधी ऐकणारा काय विचारेल ते मनाशी म्हणून पाहावं. नाशिकमध्ये तो प्रश्न नव्याने शोधावा लागत नाही. पाणी चढायला लागलं की तो गावभर ऐकू येतो.