छोट्या चित्रपटाचे प्रेस किट : ‘कोर्ट’च्या आधारे एक विचार

प्रेस किटमध्ये कथासार, स्थिरचित्रे, पोस्टर आणि चमूचा परिचय असतो. हे चारही घटक एकाच चित्रपटाबद्दल बोलतात का, हा त्याच्या परीक्षणातला मुख्य प्रश्न आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) तुम्ही पाहिला असेल, तर त्याचे किट आपल्यालाच करायचे आहे असे समजा.

आधी कथासार घ्या. ‘न्यायासाठी झुंजणाऱ्या वकिलाची थरारक कहाणी’ हे वाक्य आकर्षक आहे, पण फसवे आहे. घाईत असलेला पत्रकार तेच जसेच्या तसे छापतो. मग थरार शोधायला आलेला प्रेक्षक लांबत जाणाऱ्या तारखा पाहून वैतागतो. त्याऐवजी असे लिहा : ‘मुंबईत मॅनहोलमध्ये एका सफाई कामगाराचा मृतदेह सापडतो. आपल्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपाखाली एका वृद्ध लोकशाहिराला अटक होते.’ आरोपातली विसंगती इथे विशेषणांशिवाय कळते. विस्तृत कथासारात वकील आणि न्यायाधीश यांचे न्यायालयाबाहेरचे जीवन यायला हवे, कारण चित्रपटाचा मोठा भाग तिथेच घडतो.

हीच कसोटी स्थिरचित्रांना लावा. ‘कोर्ट’मधला कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. त्यामुळे फक्त चेहऱ्यांची जवळून घेतलेली चित्रे दिली, तर ती वेगळ्याच चित्रपटाची वाटतील. गर्दीने भरलेल्या न्यायालयाचे एक रुंद चित्र त्यांत असायलाच हवे.

इथे एक तांत्रिक अडचण येते. चित्रपटातून उचललेली १९२० × १०८० पिक्सेलची फ्रेम ३०० डीपीआयवर छापली, तर तिची रुंदी सुमारे १६ सेंटीमीटरच भरते. शिवाय पात्र हलत असेल तर फ्रेममधला चेहरा पुसट येतो. म्हणून चित्रीकरणाच्या वेळीच स्वतंत्र छायाचित्रकाराने स्थिरचित्रे घेणे बरे. ते राहून गेले असेल, तर पात्रे थांबलेली आहेत अशाच फ्रेम निवडा.

पोस्टरची परीक्षा सोपी आहे. ते अंगठ्याएवढे करून पाहा. शीर्षक वाचता आले नाही, तर मांडणी बदला.

चमूच्या परिचयात पदव्या आणि पुरस्कारांची यादी पुरत नाही. विवेक गोम्बर हे या चित्रपटाचे निर्माते आहेत आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांचीच आहे. शाहिराच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे प्रत्यक्षात सामाजिक चळवळीतले कार्यकर्ते होते. अशा एका ओळीतून पत्रकाराला विचारण्याजोगा प्रश्न मिळतो.

शेवटी एक तपासणी करा. चित्रपट न पाहिलेल्या मित्राला किट द्या आणि त्यात काय असेल ते त्याला सांगायला लावा. त्याने ‘थरारपट’ म्हटले, तर कोणत्या घटकामुळे तसे वाटले ते विचारा. दुरुस्ती तिथेच करायची आहे.